लागला की लावला

फोन वनखात्याच्या श्रेया मॅडमचा होता आणि त्या अजिबात चिडलेल्या नव्हत्या, हेच रूहीला जास्त बोचलं. चिडलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

"घाटघरच्या गोष्टींची पुस्तिका तुम्हीच काढलीत ना? त्यात पान अकरावर जानकू बाबांनी वणव्याचं सांगितलंय. सावळेरामांनी ते पान जोडून माझ्याकडे तक्रार दिलीय. उद्या अकरा वाजता घाटघरच्या शाळेत या. मूळ रेकॉर्डिंग घेऊन या."

"हो, येते," रूही म्हणाली. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला तेव्हा तिच्या चहावर साय धरली होती.

आता ही रूही कोण, ते सांगून टाकतो. जुन्नरच्या पेठेतली पोर, पुण्याला विद्यापीठात पीएचडी करणारी. विषय विचाराल तर घरातलेही हसायचे. नाम आणि क्रियापदाच्या जोड्या! आपण बोलतो ना, आठवण येते, आठवण काढतो, धक्का लागतो, धक्का देतो, चूक होते, चूक करतो, गप बसतो, गप करतो, त्या. तिची अम्मी झुबेदा शेजारणींना सांगायची, "पोरगी पाच वर्षं शिकतेय की 'मदत' केव्हा होते आणि केव्हा करतात. मी मदत माग म्हटलं की मात्र जागेवरून उठत नाही." पण चेष्टा वेगळी. विषय खरा होता. अशा जोडीत सगळा अर्थ नामाच्या डोक्यावर असतो आणि क्रियापद बिचारं पोकळ असतं, असं पुस्तकांत म्हणतात. रूहीचं म्हणणं उलटं होतं. पोकळ कसलं? घडलं की केलं, आपोआप की मुद्दाम, कुणाच्या माथी मारायचं आणि कुणाला सोडायचं, हे सगळं ते पोकळ क्रियापदच तर ठरवतं! यावर तिनं एका परिषदेत टाळ्या घेतल्या होत्या.

आणि त्याच बाईनं हा घोळ घातला होता.

तिनं पान अकरा काढलं. छपाई सुबक होती, चित्रसुद्धा होतं. ज्यांचं बोलणं आपण गोळा करतो त्यांना काहीतरी परत द्यावं, म्हणून तिनं पदरमोड करून पन्नास प्रती छापल्या होत्या आणि गावात घरोघरी वाटल्या होत्या. केवढी हौस! पानावर लिहिलं होतं: 'राब भाजायला घेतला. वारं सुटलं. … वणवा लावला. समदा डोंगर पेटला. सावळेरामाचा गोठा गेला, वासरू गेलं.'

मधली टिंबं तिचीच. तिथं काहीतरी ऐकू आलं नव्हतं. पण टिंबं कोण वाचतं? जानकू बाबा सांगतोय आणि पुढं 'लावला' आहे म्हटल्यावर ज्यानं त्यानं मनातल्या मनात तिथं 'मी' घालून घेतला होता. घाटघरचा प्रत्येक माणूस पावसाआधी राब भाजतो. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून जमीन भाजायची, त्याला राब म्हणतात. त्यातून ठिणगी उडून डोंगर पेटला तर त्याला वणवा लागला म्हणतात. लोक हळहळतात, चार शिव्या घालतात, आग विझवायला धावतात. पण वणवा लावला म्हणजे काडी ओढून, ठरवून, जाणूनबुजून. त्याला तुरुंग आहे. ग च्या जागी व, एवढंच झालं होतं. एक अक्षर!

रूहीनं लॅपटॉप उघडला, हेडफोन चढवले. दुपारचे तीन वाजले होते.

फाईल सुरू झाली आणि पहिल्यांदा ऐकू आला तो पत्रा. जानकू बाबाच्या पडवीचा पत्रा वाऱ्यानं असा खडखडत होता की बाबाचा आवाज त्याखाली दबूनच गेला होता. नाणेघाटाकडून मे महिन्यात वारं चढतं तेव्हा माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. तो दिवस तिला लख्ख आठवला. ठमाबाईनं, बाबाच्या बायकोनं, घोंगडी अंथरली होती. रत्नानं, त्यांच्या लेकीनं, चहा आणून दिला होता. रत्ना एकोणीस वर्षांची, पोलीस भरतीत मैदानी झालेली, लेखी झालेली, आता फक्त चारित्र्याची पडताळणी राहिलेली. "रोज पाटं नाणेघाटापतूर पळत जाती," बाबानं सांगितलं होतं, "येताना सोबत माकडं पळत्यात." सगळे हसले होते.

आणि बाबा वणव्याचं सांगत होता तेव्हा रूही काय करत होती? वहीत पुढचा प्रश्न शोधत होती. 'वणवा' हे नाम तिच्या यादीत नव्हतं, ते मिळालं म्हणून खूश होऊन ते लिहून घेत होती. नाम ऐकलं, क्रियापद ऐकलंच नाही. थू अशा अभ्यासावर, तिला वाटलं.

तिनं ते दोन सेकंद दहा वेळा ऐकले, वीस वेळा ऐकले. "…वणवा ला…ला." मधल्या अक्षरावर नेमका पत्रा आपटत होता. लागला म्हणावं तर लागला, लावला म्हणावं तर लावला. वणवा दोन्हीकडे वणवाच, शेवटचा 'ला' दोन्हीकडे 'ला'च. तिथून काही हाती लागेना. छापताना 'लावला' का टाइप केलं, तेही तिला आठवेना. बोटं गेली तिकडं. खरंच लावला असेल तर?

मग तिला सुचलं, की क्रियापद ऐकू येत नसेल तर त्याचे सोबती ऐकावेत. मुद्दाम करणारा असला की मराठीत त्याला 'नं' चिकटतो. सावळेरामानं लावला, पोरानं लावला. 'मी'ला तेवढा काही चिकटत नाही. आणि नकळत घडलं असलं की लोक म्हणतात, हातनं. माझ्या हातनं चूक झाली, त्याच्या हातनं कप फुटला. हातनं वणवा लागतो. 'हातनं वणवा लावला' असं कुणी म्हणत नाही, कानालाच खटकतं. म्हणजे टिंबांच्या जागी जर 'हातनं' असेल तर पुढं 'लागला'च असणार!

तिनं आवाज वाढवला, वेग कमी केला, पत्र्याचा खडखडाट जमेल तेवढा गाळला. "…तनं." पुन्हा लावलं. "…हातनं."

"हातनं!" ती ओरडलीच. झुबेदा स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली. "काय झालं?"

"अम्मी, सुटला! बाबा सुटला! हातनं म्हणालाय!"

"कुणाच्या?" झुबेदानं विचारलं.

साधा प्रश्न. पण रूहीनं तो स्वतःला विचारलाच नव्हता. "त्याच्याच की," ती म्हणाली आणि खात्रीसाठी अजून अर्धा सेकंद मागं गेली.

तिथं 'माज्या' नव्हतं. तीन वेळा ऐकलं, मग हेडफोन कानावर दाबून डोळे मिटून ऐकलं. "रत्नीच्या हातनं वणवा लागला." आणि डोंगर, गोठा, वासरू सगळं सांगून झाल्यावर शेवटी, अगदी हळू, "ह्ये लिवू नगा बरं, ताई." त्यावर एका बाईचा आवाज आला, घाईतला, लक्ष नसलेला. "हं."

तो आवाज तिचाच होता.

रूही पलंगावर बसली ती उठेचना. झुबेदानं गॅस बंद केला, तिच्याजवळ येऊन बसली आणि सगळं ऐकून घेतलं. दोन रस्ते होते आणि दोन्ही वाईट होते. रेकॉर्डिंग ऐकवलं तर बाबानं वणवा लावला नाही हे सिद्ध होतं, पण रत्नाचं नाव बाहेर येतं. निष्काळजीपणाची का होईना, केस होते. पडताळणी गेली, भरती गेली, पोरीची दोन वर्षं मातीत. नाही ऐकवलं तर बाबा जाणूनबुजून आग लावणारा ठरतो.

"ऐकू येत नाही म्हण," झुबेदा म्हणाली.

"खोटं बोलू?"

"तेव्हा ऐकलं नव्हतंसच ना तू? मग खोटं कसं?"

आयांची वकिली ही अशी असते. रूहीला हसू आलं नाही. तिनं फाईलची एक प्रत काढली आणि 'रत्नीच्या' एवढ्याच शब्दावर खूण केली. हा तुकडा उडवला की उरेल 'हातनं वणवा लागला', आणि लोक आपापल्या मनानं 'माज्या' घालतील, जसा 'मी' घातला तसाच. बोट कळीवर ठेवलं, पण दाबवेना. बाबाच्या आवाजात बाबानं न म्हटलेलं काहीतरी उद्या गावासमोर बोलणार होतं. एकदा त्याच्या तोंडी चुकीचं क्रियापद घातलं होतं, आता मालकच बदलायचा? तिनं प्रत पुसून टाकली आणि ठरवलं, चूक माझी, असं सरळ सांगायचं. व नव्हे, ग. बस. बाकी विचारलं तर संमतीपत्र आहेच. त्यात लिहिलंय, ध्वनिमुद्रण फक्त भाषेच्या अभ्यासासाठी.

सकाळी आपटाळ्यापुढं गेल्यावर रस्ता चढाला लागला. डाव्या हाताचा डोंगर अजून काळाच होता, मध्ये मध्ये करवंदीच्या जाळ्या तेवढ्या हिरव्या. स्कूटर चालवताना रूही तेच एक वाक्य पाठ करत होती. "मॅडम, टाइप करताना माझी चूक झाली." झाली, की केली? तिथंही तिला अडखळायला झालं. नशीबच म्हणायचं, बोलायला सोबत कुणी नव्हतं.

शाळेच्या व्हरांड्यात श्रेया मॅडम खुर्चीवर होत्या, तिशीच्या आतल्या, समोर पुस्तिका उघडी. त्यांच्याबरोबर एक वनरक्षक होता. खांबाला टेकून सावळेराम उभा होता, डोक्यावर टॉवेल, डोळे लाल. त्याचं वासरू जळालं होतं, माणूस उगाच नव्हता चिडलेला. जानकू बाबा भिंतीपाशी उकिडवा बसला होता आणि त्याच्यामागं रत्ना उभी होती. गावातली दहा-बारा माणसं पायऱ्यांवर होती. रूही दिसताच बाबानं हात जोडले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सावळेरामानं पान अकरा मोठ्यानं वाचून दाखवलं. "लावला," तो म्हणाला, "छापलंय. त्याच्या तोंडचं हाय. आन ही बाई शिकल्याली हाय, काय खोटं छापंल व्हय?"

"खोटं नाही, पण चुकीचं छापलंय," रूही म्हणाली. "मॅडम, टाइप करताना माझी चूक झाली. रेकॉर्डिंगमध्ये वारा आहे, पण बाबा 'लागला' म्हणाले होते. मी 'लावला' लिहिलं."

"वा रे वा!" सावळेराम टाळी वाजवून म्हणाला. "काल छापायचं, आज पुसायचं! मला काय शिकवता, लागला काय अन लावला काय. माजा गोठा जळला का जाळला, येवढंच सांगा."

"तेच सांगतेय, भाऊ. जळला."

पायऱ्यांवर कुजबूज झाली. तिथं कुणाला व्याकरण समजावून सांगायची गरज नव्हती. जळला आणि जाळला यातला फरक त्या लोकांना आईच्या दुधाबरोबर मिळाला होता. एका म्हाताऱ्यानं मान डोलावली, "मंग ठीक हाय की, सावळ्या. लागला व्हता." रूहीच्या जिवात जीव आला.

पण श्रेया मॅडमनी पेनचं टोपण काढलं नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं? आत्ताच म्हणालात रेकॉर्डिंगमध्ये वारा आहे. मग ग आहे की व, हे नक्की कसं?"

"वाक्याच्या बांधणीवरून," रूही बोलून गेली. जीभ! अभ्यास करणाऱ्या माणसाची जीभ त्याला एक दिवस खड्ड्यात घालते. "आधीचा शब्द तसा असला की पुढं 'लागला'च येतं."

"आधीचा कुठला शब्द? इथं तर टिंबं आहेत."

रूहीचा हात नकळत पिशवीवर गेला.

"म्हणजे टिंबांच्या जागी काय आहे ते आता तुम्हाला कळलंय," श्रेया मॅडम सावकाश म्हणाल्या. त्या हुशार होत्या, त्याला इलाज नव्हता. "ऐकवा."

"मॅडम, संमतीपत्रात लिहिलंय, हे फक्त अभ्यासासाठी…"

"पन्नास प्रती छापल्या तेव्हा कुठं होतं ते संमतीपत्र?"

पायऱ्यांवरचे दोघे हसले. रूहीनं पिशवीतून फोन काढला. फाईल समोरच होती. तिनं मान वर केली ती नेमकी रत्नाकडे. रत्नाचा चेहरा पांढराफटक पडला होता. टिंबांच्या जागी काय आहे हे त्या व्हरांड्यात तिघांनाच माहीत होतं. रत्नानं एक पाऊल पुढं टाकलं. "मॅडम, मी…"

"रत्ने, गप ऱ्हा," जानकू बाबा म्हणाला. आवाज चढवला नाही, पण पोरगी जागेवर थांबली. बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठला. "ऐकायचं काय हाय त्यात, मॅडम? वाऱ्याचा आवाज हाय नुसता. छापलंय तेच बराबर हाय. मी लावला."

सावळेरामसुद्धा दचकला. रूही जोरात म्हणाली, "नाही मॅडम, बाबा असं म्हणालेच नव्हते!"

"तवा न्हाई म्हणलो, आता म्हणतो."

"बाबा," श्रेया मॅडम पुढं वाकल्या, "लागला की लावला? नीट विचार करून बोला. राब भाजताना चुकून आग पसरली असेल तर गोष्ट वेगळी आहे. लावला म्हटलात तर गुन्हा मोठा होतो. कळतंय ना काय म्हणताय ते?"

"समजतंय की. मराठीच हाय ती," बाबा म्हणाला. "लागला म्हणलं का लोकं इचारत्यात, कुणाच्या हातनं. मंग त्याच्यावर इचारपूस, मंग ऐकवा, मंग दाखवा. लावला म्हणलं का मी म्हणलं, संपलं. लिवून घ्या."

रूही तिथंच उभी होती. पाच वर्षं तिनं हे सांगायला दोनशे पानं भरली होती, आणि या माणसानं ते उकिडवं बसून उठता उठता सांगितलं होतं. आणि त्याला तिनंच इथवर आणलं होतं. रेकॉर्डिंग वाजवावं, असं तिच्या मनात एकदा येऊन गेलं. खरं ते खरं! पण खरं वाजलं की रत्ना गेली, आणि ज्यानं 'लिवू नगा' म्हटलं होतं त्याचं ऐकायची ही शेवटची संधीही गेली. तिनं फोन पिशवीत टाकला.

वनरक्षकानं कागद काढला. बाबा म्हणाला, "मॅडम, या ताईंना लिवू द्या. अक्षर चांगलं हाय त्यांचं." श्रेया मॅडमनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग रत्नाकडे, मग रूहीकडे. काय समजायचं ते त्या समजल्या असाव्यात, पण कागदावर समजुतीला जागा नसते. त्यांनी कागद रूहीपुढं सरकवला.

रूही जमिनीवर बसली तसा बाबा तिच्याजवळ येऊन टेकला. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "ताई, तुमी पोरीचं नाव गाळून टिंबं दिली, वर माज्या नावावर घातलं. पान बघितलं तवाच म्हणलं, बाई देवमाणूस. लई उपकार झालं. आता पयल्यांदा लिवलं तसंच लिवा."

तिनं काही गाळलं नव्हतं. तिला ऐकू आलं नव्हतं, तिचं लक्षच नव्हतं. हे सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून मिटून घेतलं. तेवढाही हक्क तिला उरला नव्हता.

ती लिहू लागली. मी, जानकू, राहणार घाटघर, समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की. मागं रत्ना हुंदके देत होती आणि ठमाबाई कुठूनतरी धावत येऊन तिला पोटाशी धरत होती. सावळेराम टॉवेलनं तोंड पुसत खांबाकडे वळला होता. जाणूनबुजून, हा शब्द श्रेया मॅडमनी घालायला सांगितला नाही, रूहीनंही घातला नाही. पण क्रियापद लिहावंच लागलं.

"वाचून दाखवा," श्रेया मॅडम म्हणाल्या. तसा नियमच होता.

रूहीनं पहिल्यापासून वाचलं. शेवटच्या ओळीशी तिचा आवाज बसला, तेव्हा बाबानं तिच्या हाताला हळूच हात लावला, आणि तिनं ती ओळ पुन्हा वाचली. "मी वणवा लावला."

"बराबर लिवलंय," जानकू बाबा म्हणाला, आणि त्यानं सही केली.